तारीख वर टाचून ठेवताना

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा लागतं. इथल्या कुठल्याही घराची माणसं आता एका गावात मावत नाहीत. थोरले शेताजवळ राहिलेले, मधला चाकणला कंपनीत, लेक दिलेली केजला, आणि दसरा झाला की कुणी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडावर गेलेलं. भावकी एकत्र बसते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिथं पहाटे फुलांच्या चित्रावर सुप्रभात येतं, दुपारी तुरीचा भाव येतो, रात्री कुणाच्या तरी नातवाचा नाच. हे सगळं चांगलंच आहे. ग्रुप त्याच्यासाठीच असतो.

ह्या गर्दीत तारीख मात्र टिकत नाही. सगळ्यात लवकर हरवते ती मयताच्या निरोपाची वेळ. कुणी गेलं की पहिल्या पाच मिनिटांत एकजण लिहितो, ‘माती दुपारी चारला, शेतात.’ मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. प्रत्येकाला आपली श्रद्धांजली दिसायला हवी असते, आणि ते माणसाचं माणूसपणच आहे. पण चाकणहून निघायच्या गडबडीत फोन उघडणाऱ्याला चारची वेळ सापडत नाही, तो वर वर सरकवत राहतो आणि शेवटी फोन करून विचारतो, ‘तात्या, माती किती वाजता हाय?’ तात्यांना त्या घडीला असे किती फोन घ्यावे लागतात, ते ज्यांच्या घरी प्रसंग आला त्यांना सांगायला नको.

पिन अशा वेळी कामी येतो. निरोपावर बोट दाबून धरलं की यादीत ‘पिन’ येतं, आणि तो निरोप ग्रुपच्या माथ्यावर चिकटून राहतो. देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेल्या फळ्यासारखा. खाली कितीही गलका झाला तरी तो फळ्यावरच राहतो. फक्त माथ्यावर सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. म्हणून ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ अशी सुरुवात केली, तर फळ्यावर दुःख तेवढं दिसतं, वेळ दिसत नाही. आधी वार आणि तारीख, मग वेळ, मग जागा, मग बाकीचं. वार लिहायचाच, कारण तारीख टंकताना आकडा चुकला तर वार लगेच चुगली करतो. पत्रिकेचा फोटोही पिन करू नये. माथ्यावर नुसतं ‘फोटो’ एवढंच दिसतं, आणि पुढं कुणी ‘दहावा’ असं शोधलं तर फोटोतला शब्द सापडेलच असं नाही. माती उरकली की तो पिन काढायचा आणि सावडण्याचा, दहाव्याचा, तेराव्याचा एकच निरोप लिहून त्याच्या जागी लावायचा.

लग्नाचा मामला वेगळा, कारण ते लांब असतं. पिनला आयुष्य असतं: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. घाईत लावला तर आधीच निवडलेले ७ दिवसच राहतात. समजा, २०२६च्या पाडव्याला, १९ मार्चला, सुपारी फुटली आणि लग्न रविवार, १० मे ठरलं. मध्ये ५२ दिवस. ३० दिवसांचा पिन लावला तरी १८ एप्रिलला तो गळून पडतो, आणि लग्नाला अजून २२ दिवस असतात. नेमके तेव्हाच पाव्हणे रजा टाकतात, गाडीची तिकिटं काढतात. म्हणून लांबची तारीख पिनच्या भरवशावर ठेवू नये. ती ग्रुपच्या वर्णनात लिहावी, म्हणजे नावावर बोट ठेवल्यावर दिसतो त्या मजकुरात. तिथं ती कुणी पुसेपर्यंत राहते. पिन जवळच्या कामाला, वर्णन वर्षाला.

वर्णनाचा दुसरा फायदा नव्या माणसांना होतो. नवीन सून किंवा जावई ग्रुपात आला, तर त्याच्या आधी लावलेला पिन त्याला साधारणपणे दिसत नाही, वर्णन दिसतं. आणि तारीख बदलली, तर पाठवलेला निरोप १५ मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणून जुना पिन काढून नवा निरोप ‘बदल:’ या शब्दानं सुरू करावा. जुना निरोप तोवर चार ठिकाणी पुढं गेलेला असतो. तो परत बोलावता येत नाही. नव्याला निदान तोंडावर बदल म्हणून ओळखता येतं.

वर्षाचं वर्णन म्हणजे मुख्यतः तिथ्या. फोनच्या कॅलेंडरची आठवण तारखेवर चालते, तिथीवर नाही. ‘दरवर्षी आठवण कर’ असं सांगून श्राद्धाची तारीख घातली, तर फोन इमानानं चुकीच्या दिवशी आठवण करतो. २०२५ साली सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला, १७ मे ते १५ जून, आणि त्यानंतरचे सगळे सण पुढं सरकले. सर्वपित्री थेट १० ऑक्टोबरला गेली. १९ दिवसांचा फरक. चाकणच्या पोरानं जुन्या तारखेवर रजा टाकली असेल, तर ती वाया. म्हणून दर पाडव्याला घरातल्या कुणीतरी कालनिर्णय समोर घेऊन आजोबांची तिथी, आजीची तिथी, घरातला गोंधळ, असं सगळं त्या सालच्या तारखांत उतरवून वर्णन नवं करावं. आमच्याकडं तिथ्या आत्याला तोंडपाठ असतात. ती बोलते, पोरगी टंकते.

विषय वेगळे ठेवायचे, तर व्हॉट्सॲपमध्ये एकाच ग्रुपात वेगवेगळे धागे काढता येत नाहीत. टेलिग्राममध्ये ‘टॉपिक्स’ नावाची सोय २०२२पासून आहे, पण भावकी तिकडं नाही. इथं त्याऐवजी कम्युनिटी करता येते: एका छताखाली दोन-तीन ग्रुप, आणि वर एक घोषणांचा ग्रुप, जिथं घोषणा फक्त ॲडमिन टाकू शकतो. माझं मत असं, की घरच्यासाठी गप्पांचा एक, तारखांचा एक, आणि लग्न असेल तेव्हा कामाचा एक, तोही आहेराचा हिशोब मिटला की बंद. चौथा ग्रुप काढला की एकही कुणी वाचत नाही.

घोषणांच्या ग्रुपला कुलूप लावताना मात्र जपून. घरातल्या आबांना अचानक लिहिता येईना झालं, तर त्यांना आपला मान राखला असं वाटत नाही. म्हणून पहिलं ॲडमिनपद आबांना, दुसरं टंकणाऱ्या पोरीला, तिसरं चाकणच्याला. पिनलाही असंच जपायचं: ग्रुपात तीनच पिन एकावेळी राहतात, चौथा लावला तर सगळ्यात जुना जातो. म्हणून कुणीही पिन करावा अशी मोकळीक नको, सेटिंगमध्ये ते ॲडमिनपुरतं करावं.

फडावरच्या माणसाचं काय, हा प्रश्न उरतोच. रिचार्ज संपला, फोन बंद पडला, तर न पोहोचलेला निरोप ३० दिवस सर्व्हरवर थांबतो आणि मग पुसला जातो. त्याच्या हाती फळा नाही. त्याला मुकादमाच्या फोनवर निरोप द्यावा लागतो, आणि तो कुणी दिला हे ग्रुपात एका ओळीत लिहिलं, की दुसरा पुन्हा फोन करत नाही: ‘दादाला सांगितलं. रविवारी येतो म्हणाला.’