शिक्षकाच्या पायाशी ब्रेक

सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याच्या पत्नींनी पंचेचाळिशीनंतर मोटार शिकण्याचे ठरविले. मन मात्र भित्रे. ओळखीचे खाजगी शिक्षक घरच्याच गाडीवर, सवडीच्या वेळी शिकविणार होते. परंतु त्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी ब्रेक नव्हता. प्रसंगी केवळ हँडब्रेकचा आधार. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूसही क्लच व ब्रेक असतात. म्हणून त्यांनी प्रथम स्कूलचा २१ दिवसांचा वर्ग निवडला.

पंधराव्या दिवशी गाडी सुरळीत धावू लागली. तरी त्यांना शंका आली, आणि त्यांनी शिक्षकांना दोन्ही पाय मागे घेण्यास सांगितले. पुलाच्या चढावर गाडी तत्काळ बंद पडली. तोवर क्लच शिक्षकच सांभाळीत होते. उरलेल्या दिवसांत त्यांनी एकच सराव केला : हँडब्रेक ओढून क्लच हळूहळू सोडायचा, गाडी थरथरून पुढे ओढ घेऊ लागली की पाय तेथेच स्थिर ठेवून किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक उतरवायचा.

परवान्यानंतर खाजगी शिक्षकांना शेजारी बसवून त्यांनी घरची गाडी आठवडाभर दुकानाच्या रस्त्याने नेली. आता शेजारी दुसरा ब्रेक नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही.