तोंड आलंय

आईचं तोंड आलं तेव्हा आम्ही कुणी फार मनावर घेतलं नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, जाईची पानं, तूप, सगळं झालं. दोन महिने गेले. भाकरी सुटून दूधभात आला, तोही गार करून. दर रविवारी मी फोनवर विचारायचो आणि ती म्हणायची, "तोंड आलंय रे, दुसरं काय!"

साधं तोंड येतं तेव्हा लाल कडेचा छोटा, गोल व्रण असतो आणि तो बहुतेक वेळा दोन आठवड्यांत भरतो. आईच्या गालाच्या आत आणि हिरड्यांवर वेड्यावाकड्या कडांचे सोललेले डाग होते, ते भरतच नव्हते. "फोड येतात का?" असं दोन डॉक्टरांनी विचारलं. ती नाही म्हणाली, आणि तिच्या परीने ते खरंच होतं. या आजारात तोंडातल्या फोडावरचा पापुद्रा इतका पातळ असतो की घास लागताच तो फुटतो. फोड दिसतच नाही, नुसती सोललेली जागा दिसते.

चौथ्या महिन्यात पाठीवर फोड आले. तव्याच्या चटक्याचा फोड टम्म असतो, सहज फुटत नाही. हे मात्र ढिले होते, कपडा घासला तरी फुटायचे. त्वचारोगतज्ज्ञांनी फोडाशेजारच्या चांगल्या कातडीवर अंगठा दाबून सरकवला, तर दुधावरची साय सरकावी तसा वरचा थर सरकला.

मग बायोप्सीसाठी दोन तुकडे घेतले. फोडाच्या कडेचा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला. शेजारच्या कातडीचा दुसरा तुकडा मात्र वेगळ्या द्रावणात ठेवला, कारण फॉर्मालिनमध्ये टाकला असता तर पुढची चाचणी वाया गेली असती. त्या चाचणीत पेशींच्या मधोमध चमकणारी जाळी दिसली. निदान झालं: पेम्फिगस व्हल्गॅरिस.

कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं असतात. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर हल्ला करते. तोंडातल्या पेशींची पकड मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर असते. कातडीत डेस्मोग्लीन १ सुद्धा मदतीला असतं. म्हणून हल्ला फक्त ३ वर असेपर्यंत तोंड सोलतं आणि पाठ शाबूत राहते. १ वरही हल्ला सुरू झाला की अंगावर फोड येतात. आईच्या पाठीवर चौथ्या महिन्यात आलेले फोड म्हणजे आजार पुढे सरकल्याची खूण होती.

निदान होईपर्यंत आईने स्वतःचं ताट-पेला वेगळा ठेवला होता. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं.

स्टिरॉइड सुरू झालं, पुढे रिटुक्सिमॅबची सलाइन लागली. नवे फोड थांबले. आता स्टिरॉइडचा डोस हळूहळू उतरतोय. मनाने गोळी बंद करायची नाही आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही, कारण ही औषधं प्रतिकारशक्तीच दाबतात.

गेल्या रविवारी फोनवर तिने मी न विचारताच सांगितलं, "आज भाकरी खाल्ली. कडेची, कडक."