चौथा बिंदू कशासाठी?

प्रश्न छोटा होता: एका घन बहुपदीची शून्ये −2, 1 आणि 3 आहेत आणि तिचा आलेख (2, 8) या बिंदूतून जातो, तर ती बहुपदी शोधा. पहिला अर्धा भाग मला समजत होता. बहुपदी ज्या किमतीला शून्य होते, ती किंमत ठेवल्यावर एखादा कंस शून्य व्हायला हवा. म्हणून (x + 2), (x − 1) आणि (x − 3). तिघांचा गुणाकार म्हणजे घन बहुपदी. मग (2, 8) ठेवायचा कुठे?

गुणाकारात x = 2 घालून पाहिलं. (4)(1)(−1), म्हणजे −4. हवेत 8. शून्ये तर तिन्ही बरोबर, तरी आलेख भलत्याच बिंदूतून चाललेला. मी फार वेळ त्या −4 कडे बघत बसलो.

बाईंनी एवढंच विचारलं, "या सगळ्याला पाचने गुणलंस तर शून्यं हलतील का?"

हलणार नाहीत. शून्याला पाचने गुणलं तरी शून्यच. पण x = 2 ला किंमत −4 ची −20 होईल. म्हणजे त्याच तीन शून्यांतून जाणाऱ्या घन बहुपदी अगणित आहेत. कुणाचा आलेख उभा ताणलेला, कुणाचा चपटा, कुणाचा उलटा. नेमकी कोणती हवी, हे चौथा बिंदू सांगतो. म्हणून सुरुवात अशी करायची:

p(x) = a(x + 2)(x − 1)(x − 3)

आता x = 2 ला 8 हवेत, म्हणून 8 = a × (−4), a = −2. कंस सोडवले की p(x) = −2x³ + 4x² + 10x − 12. x³ चा सहगुणक नेमका तोच a आहे.

मला सर्वांत आवडलं ते ऋण चिन्ह. a धन असता तर 1 आणि 3 यांच्या मध्ये आलेख X-अक्षाच्या खाली गेला असता. (2, 8) मात्र अक्षाच्या वर आहे, म्हणजे a ऋणच असणार, हे गणित मांडण्याआधीच दिसतं. उत्तर धन आलं तर तिथेच थांबून चिन्हं तपासावीत.

मग मी दिलेला बिंदूच बदलून पाहिला. (3, 0) दिला तर 0 = a × 0, आणि a काहीही चालतो; शून्यावरचा बिंदू नवं काहीच सांगत नाही. (3, 8) दिला तर अशी बहुपदीच नाही. आणि प्रश्नातला 'घन' शब्द काढला तर −½(x + 2)²(x − 1)(x − 3) हीसुद्धा तीच शून्ये घेऊन (2, 8) मधून जाते. ही चार कोटीची. त्यामुळे आता मी प्रश्नात आधी कोटी शोधतो, मग बिंदू.