हरणाची शिंगं आणि वामनदादांचं नाव

गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक छोटा प्रसंग घडला. चौथीतली एक मुलगी शाळेच्या गॅदरिंगसाठी गाणं शोधत होती. तिने घरी नेहमी ऐकलेलं भीमगीत बाईंना सुचवलं आणि बाई म्हणाल्या, "जातीची गाणी नकोत, सगळ्यांना चालेल असं काहीतरी आण." मुलगी रडली नाही. तिने मला फक्त विचारलं, "ताई, सगळ्यांना चालतं ते गाणं कुठलं?"

हेच वाक्य मी माझ्या शाळेत ऐकलेलं आहे. त्या वर्षी आम्हाला भीमगीताऐवजी एक "बालनृत्य" दिलं होतं. ते कुठलं गाणं होतं, हे मला आठवेना. चाल नाही, शब्द नाहीत, कॅसेटवरचं चित्रही नाही. आठवत होती ती एक स्टेप, तीही डोक्यात नाही, पायात. म्हणून ठरवलं की त्या मुलीला उत्तर देण्याआधी हे गाणं शोधायचं.

बसून आठवायला गेले तर काहीच हाती लागलं नाही. उभी राहिले, पदर खोचला, आणि बाईंच्या आवाजात "एक-दोन-तीन-चार" म्हटलं, तेव्हा उजवा हात आपोआप पुढे आला. आमच्या तालमी महिनाभर नुसत्या आकड्यांवर चालायच्या. टेप मुख्याध्यापकांच्या कपाटात, तो शेवटच्या तीन-चार दिवसांत बाहेर निघायचा. त्यामुळे गाणं कानात कमी आणि आकडे अंगात जास्त मुरले. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मधूनच सुरुवात केली की अंग अडखळतं, "एक"पासून धरलं की पुढचं सुटत जातं.

हाती आलं ते असं. दोन आठ-आठचे तुकडे. पहिल्या आठात एक-दोनला उजव्या हाताने कुणाला तरी बोलावायचं. तीन-चारला दोन्ही हात डोक्याजवळ. पाच ते आठ जागच्या जागी चार बारीक पावलं. दुसऱ्या आठात एक ते चार हात पसरून वरखाली, आणि पाच ते आठ बोटं थरथरवत हात डोक्यावर न्यायचे.

आधी मी काय नाही ते बाजूला काढलं. स्नेहसंमेलनात हमखास येणारं कोळीगीत असतं, पण त्याचं डोलणं बहुतेक वेळा तीन-तीनच्या झोक्यावर, सहाच्या मोजणीत चालतं. होडी वल्हवण्याची स्टेप आठात मोजायला गेलात तर दोन आकडे उरतात. माझी स्टेप चार-चारात नीट बसत होती, म्हणजे कोळीगीत गेलं. लेझीमही आठात मोजतात, पण तिथे हात रिकामे नसतात. माझ्या दोन्ही हातांना काम होतं ते शब्द दाखवण्याचं.

इथेच खरी किल्ली होती. शाळेतल्या बाई काही नृत्य शिकलेल्या नसतात. त्या शब्दाला शब्द हावभाव बसवतात. चंद्र आला की हाताची गोल, पाऊस आला की बोटं खाली. मोठ्यांच्या नाचात अशा स्टेपवरून गाणं ओळखणं अवघड जाईल, कारण तिथे हावभाव भावाचा असतो. शाळेतल्या नाचात तो शब्दाचा असतो, आणि म्हणून उलट दिशेने वाचता येतो.

मी वाचलं आणि चुकले. डोक्याजवळचे हात म्हणजे सशाचे कान, असं धरून दोन संध्याकाळी सशाची बालगीतं ऐकत बसले. एकही बसेना. मग आरशासमोर उभी राहिले तेव्हा चूक दिसली. सशाचे कान दाखवताना दोन बोटं सरळ वर असतात आणि उडी जोडीने, दोन्ही पाय एकदम. माझे अंगठे कानशिलाला टेकले होते आणि बाकीची बोटं फाकलेली होती. शिवाय पावलं एकामागून एक पडत होती. फाकलेली बोटं म्हणजे फांद्यांसारखी शिंगं. ससा नव्हे, हरीण.

आता मराठीने मदत केली. आपल्या भाषेत प्रत्येकाच्या चालीला वेगळा जोडशब्द आहे. ससा टुणटुण उडतो, बाळ दुडुदुडु धावतं, बारीक पावलांनी जाणारं तुरुतुरु जातं. पाच-सहा-सात-आठ ही चार पावलं म्हणजे चार अक्षरं असणार: तु-रु-तु-रु. दुसऱ्या तुकड्यात पसरलेले हात पंखांचे, आणि त्याच पाच ते आठला बोटांची थरथर, म्हणजे तिथेही तसाच चार अक्षरांचा जोडशब्द. दोन्ही ओळींचा शेवट सारख्या जागी, म्हणजे यमक. बोलावणं, मग हरीण, मग तुरुतुरु, एवढं जुळवल्यावर गाण्याचं नावच तयार झालं: 'चल ग हरणे तुरू तुरू'. फोनवर टाकलं आणि गाणं समोर आलं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा मात्र स्टेप बसली नाही. गाणं पुढे पळायचं आणि मी मागे. घोळ माझ्या मोजण्यात होता. मी टाळीला एक आकडा धरत होते, आणि बाईंनी मोजले होते ते पावलाला एक. टाळीला दोन पावलं धरल्यावर शिंगं बरोबर हरणावर आली आणि चार पावलं चार अक्षरांवर.

तरीही हा पुरावा नव्हे. आपल्याला हवं ते जुळलं की आपण थांबतो, आणि चार-चारात चालणारी गाणी काही थोडी नाहीत. समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट मनावर ठसली होती, की उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. माझी आत्तेबहीण त्या नाचात माझ्या पुढच्या रांगेत होती. तिला व्हिडिओ कॉल लावला आणि गाण्याचं नाव न घेता, गुणगुणताही न घेता, फक्त म्हटलं, "ताई, तिसरीतल्या गॅदरिंगची स्टेप करून दाखव." तिने ओट्यापाशी उभं राहून बोटं फाकवली, अंगठे कानशिलाला लावले. मग मी गाणं लावलं. तिने मध्येच थांबून म्हटलं, "अगं, मला हरीण केलंच नव्हतं, मी चिमणी होते. पण बघून बघून पाठ झालं होतं." मलाही शिंगं मिळाली नव्हती. खाकी कापडाचे पोशाख पुढच्या सहा जणींना, आम्ही वस्तीतल्या चौघी मागे पंख हलवत. ही वाटणी कुणी मुद्दाम केली असं मी म्हणणार नाही. पोशाखाचे पैसे ज्यांनी भरले त्या पुढे होत्या. पण वाटणी झाली ती अशीच.

एक स्टेप अजून कशालाच जुळत नाही. कपाळावर हात ठेवून लांब बघण्याची. ती कदाचित दुसऱ्याच वर्षाच्या नाचातली असून इथे मिसळली असेल. ती मी जबरदस्तीने बसवलेली नाही.

हे सगळं होईपर्यंत माझ्या दृष्टीने हा एक खेळ होता. मग गाण्याची माहिती वाचली. चित्रपट 'पंचारती'. गीतकार वामनदादा कर्डक.

मी खाली बसले. ज्यांची गाणी माझ्या आजीने जात्यावरच्या ओव्यांसारखी म्हटली, चौदा एप्रिलला ज्यांच्याशिवाय आमच्या बुद्धविहारासमोरचा मंडप उभा राहत नाही, ते वामनदादा. 15 ऑगस्ट 1922 ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मोठेपणी अक्षरं शिकलेला, बाबासाहेबांचा विचार गावोगाव गाऊन नेणारा माणूस. म्हणजे शाळेने "जातीची गाणी नकोत" म्हणून भीमगीत नाकारलं, आणि त्याच्या जागी "सगळ्यांना चालेल" म्हणून जे गाणं दिलं तेही वामनदादांचंच. फरक एवढाच की पहिल्यात नाव होतं, दुसऱ्यातलं नाव गळून पडलेलं.

एका कार्यकर्त्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "गॅदरिंगमध्ये कुठल्याच गीतकाराचं नाव घेत नाहीत, त्यात जात कुठे आली?" त्याचं अर्ध म्हणणं खरं आहे. सूत्रसंचालन करणारा विद्यार्थी वर्ग सांगतो, नाच बसवणाऱ्या बाईंचं नाव घेतो, टाळ्या मागतो. कवीला तिथे जागाच नसते. पण बालकवी आणि कुसुमाग्रज यांची नावं आम्हाला कवितेखाली छापलेली भेटायची, ती परीक्षेत लिहून गुण मिळायचे. गॅदरिंगमध्ये नाव न घेतल्याने त्यांचं काही बिघडत नव्हतं. वामनदादांचं नाव मात्र आम्हाला शाळेच्या फाटकाबाहेरच भेटलं. म्हणून एकच सवय दोघांवर सारखी चालत नाही. आणि हेही मान्य करते की त्या गाण्यात चळवळीचा शब्द नाही. हरीण आहे, चिमण्या आहेत. वामनदादांना फक्त भीमगीतांच्या चौकटीत ठेवण्याची चूक आपणही करतो. जयंतीच्या स्टेजवर मी त्यांचं हरणाचं गाणं कधी ऐकलेलं नाही.

अभ्यासिकेतल्या मुलीला मी गाणं ऐकवलं आणि कुणाचं आहे ते सांगितलं. तिने ते बाईंना दिलं. बाईंना लगेच आवडलं. सहा जणींनी बसवलं, स्टेप माझ्या बाईंचीच, पण हरणं आणि चिमण्या आळीपाळीने व्हायच्या, ही अट मुलीने स्वतः घातली. सूत्रसंचालनाच्या चिठ्ठीवर मी गीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. बाई म्हणाल्या, "एवढं कुणी वाचत नाही हो." मी म्हटलं, "वाचू दे एकदा."

कार्यक्रमाच्या दिवशी सातवीतल्या मुलाने चिठ्ठी हातात धरली, अडखळला, आणि माइकवर म्हणाला, "गीत, वामनराव कर्डक." पालकांच्या मागच्या रांगेतून त्या मुलीची आजी उठून उभी राहिली आणि ओरडली, "दादा म्हण रे, दादा!" मुलाने चिठ्ठीत पुन्हा पाहिलं, "वामनदादा कर्डक" म्हटलं, आणि टेप सुरू झाला.