प्रश्नपेटीतली चिठ्ठी

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाचं प्रशिक्षण आमच्या शाळेतून एका बाईंनी आणि मी घेतलं. किशोरवयातली वाढ, पोषण, भावनिक आरोग्य असे त्यात अकरा विषय आहेत. पोषणावर बोलायला स्टाफरूममधले सगळे तयार. वयात येण्याचं नाव निघालं, की प्रत्येकाला वह्या तपासायच्या असतात. एका ज्येष्ठ सरांनी तर बजावलंच, "2007 साली याच विषयावरून राज्यात केवढा गदारोळ झाला होता, ठाऊक आहे ना? पालक शाळेत येतील."

शिवाय सोय आहेच. पुनरुत्पादनाचा सविस्तर धडा दहावीच्या विज्ञानात येतो. तिथेही "आकृती पक्की करा, बाकीचं घरी वाचा" म्हणून तास उरकता येतो. तोवर बहुतेक मुलींना पाळी येऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. त्यांना निदान सातवी-आठवीत बाई बाजूला घेऊन सांगतात. तेवढा वेळ मुलांना मैदानावर सोडतात.

म्हणून नववीच्या मुलांसाठी मी प्रश्नपेटी ठेवली. चिठ्ठी सगळ्यांनी द्यायची, प्रश्न नसेल त्यानं पाढा लिहायचा. नाहीतर लिहिणारा लगेच ओळखू येतो. एकट्याला भेटायचं असेल, तर कोपऱ्यात हजेरी क्रमांक टाकायचा. आणि पेटी त्याच दिवशी घरी जाण्याआधी उघडायची. एखाद्यानं जीव नकोसा झाल्याचं लिहिलं आणि चिठ्ठी आठवडाभर कुलपात राहिली, तर त्या पेटीचा उपयोग काय? टेलि-मानसचा 14416 हा क्रमांकही फळ्याच्या कडेला लिहून ठेवला.

पहिल्याच खेपेला एक क्रमांक आला. चिठ्ठीत होतं, "झोपेत धातू जातो. रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब होतो. मला चक्कर येते. मी मरणार का?"

तो प्रश्न वर्गात मोठ्यानं वाचायचा धीर मला झाला नाही. मग मी गणिताचा शिक्षक झालो. ते मला सोपं जातं. नाव न घेता समज तेवढी फळ्यावर लिहिली. एका वेळी साधारण तीन मिली वीर्य जातं. मिलीला वीस थेंब धरले तर साठ थेंब, त्याच्या चाळीसपट म्हणजे चोवीसशे थेंब, म्हणजे 120 मिली रक्त. रक्तपेढी सज्ञान, धडधाकट माणसाकडून एका वेळी 350 मिली घेते आणि पुढे तीन महिने त्याला परत घेत नाही. समज खरी असती, तर महिन्यातून तीनदा असं होणाऱ्या प्रत्येक मुलाचं दर महिन्याला एक रक्तदान झालं असतं. वर्ग हसला, आणि हसल्यावर माझीही जीभ सुटली. वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही. ग्रंथींमधला तो द्रव असतो. वृषणात शुक्राणू सतत तयार होत राहतात. या वयात झोपेत वीर्य बाहेर पडणं हे वाढीचंच लक्षण आहे, आजार नाही.

पण चक्कर खरी होती. मधल्या सुट्टीत त्याला भेटलो. सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत यायचा. अंडी "गरम" म्हणून सोडलेली. बाजारातल्या तंबूतून ताकदीची पुडी आणलेली, तीही आईच्या पैशांतून चोरून. सोमवारी शाळेत लोहाची निळी गोळी मिळायची, ती तो खिशात ठेवून गटारात टाकायचा. एकदा घेतली तेव्हा मळमळलं, दुसऱ्या दिवशी शौच काळं झालं. त्याला वाटलं, आतून काहीतरी सडतंय.

या गोळीची गोम आमच्याच व्यवस्थेत आहे. ती जेवणानंतर घ्यायची. पण शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीच्या मुलाला गोळी मिळते, खिचडी नाही. रिकाम्या पोटी साठ मिलिग्रॅम लोह घेतलं, तर मळमळणारच. काळं शौच हा त्या लोहाचाच परिणाम, हे वाटप करताना कोणी सांगत नाही. रजिस्टरात खूण झाली की काम झालं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं हिमोग्लोबिन 10.8 भरलं. चौदा वर्षांच्या मुलाला किमान 12 हवं. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, रोजच्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको म्हणून बजावलं. पुडी बंद करायला मात्र त्याला जास्त दिवस लागले, कारण ती देणाऱ्या माणसानं त्याचं सगळं बोलणं न हसता ऐकून घेतलं होतं.

आता सोमवारी नववीची गोळी आम्ही डबा खाल्ल्यावर देतो. वाटप करणारे तेच ज्येष्ठ सर आहेत. वयात येण्याच्या तासाला ते अजून बसत नाहीत, पण गोळी हातावर ठेवताना "उद्या काळं होईल, घाबरू नका" एवढं प्रत्येकाला सांगतात.