नांदेडात चालतं, लातुरात चालेना

लातुरात सोयाबीनचा हंगाम दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतो. तेव्हा तेलगिरणीच्या दारात दोन रांगा लागतात: एक माल घेऊन आलेल्या गाड्यांची, दुसरी डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, भरून निघालेल्यांची. भरलेली गाडी भुईकाट्यावर चढते, वजन होतं, बिल निघतं, गाडी सुटते. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावे बिल करताना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. बिलाचा तपशील सरकारी यंत्रणेकडे जातो आणि तिथून चौसष्ट अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड परत येतो. तो आल्याशिवाय बिल वैध नाही, आणि बिलाशिवाय गाडी हलत नाही.

आमचं नांदेडचं छोटं दुकान या कामाचं सॉफ्टवेअर करतं. काट्यावरचं वजन वाचायचं, बिल तयार करायचं, मध्यस्थ कंपनीच्या एपीआयला पाठवायचं आणि आलेला आयआरएन बिलावर छापायचा. प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिलेला आहे आणि काट्याच्या खोलीतल्या विंडोजच्या संगणकावर सर्व्हिस म्हणून चालतो. नांदेडला आमच्या ब्रॉडबँडवर तो बिनबोभाट चालत होता. लातूरच्या एका मोठ्या गिरणीत बसवला आणि पहिल्याच बिलाला अडकला. वीस-एकवीस सेकंद काहीच नाही, मग `WinError 10060`.

काट्यावरचा पोरगा म्हणाला, “भाऊ, आयआरएन येईना गेलंय. नेट तर चालू आहे की!” आणि त्यानं माझ्यासमोर त्याच संगणकावर, त्याच एपीआयचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून दाखवला. उघडला. मग मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, तर प्रोग्रॅमही चालला. गिरणीच्या हिशेबनीस काकांनी लगेच निकाल दिला: “नेट चांगलं, संगणक चांगला, म्हणजे खोट तुमच्या सॉफ्टवेअरात.”

अशा वेळी चूक काय आलीय यापेक्षा ती किती वेळानं आलीय हे मी आधी बघतो. समोरच्यानं नकार दिला असेल तर तो चटकन कळतो. वीस सेकंद शांतता आणि मग चूक, याचा अर्थ बहुतेक वेळा वाटेतल्या फायरवॉलनं आपला निरोप मुकाट्यानं टाकून दिलाय. विंडोज जोडणीची विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहते आणि शेवटी कंटाळून सोडून देते. म्हणजे प्रोग्रॅम थेट बाहेर जायला बघत होता आणि गिरणीत थेट बाहेर जायला वाट नव्हती. पण मग ब्राउझर कुठून जात होता?

उत्तर विंडोजच्या प्रॉक्सीच्या पानावर होतं. तिथे प्रॉक्सीचा पत्ता भरण्याचा रकाना रिकामा होता, पण त्याच्या वर ‘सेटअप स्क्रिप्ट’ चालू होती आणि तिथे एका `.pac` फाइलचा पत्ता होता. ही सोय नेटस्केपच्या काळातली, १९९६ची. ती जावास्क्रिप्टची छोटी फाइल असते. तिच्यात एकच मुख्य फंक्शन असतं, `FindProxyForURL`. प्रत्येक पत्त्यासाठी ब्राउझर तिला विचारतो की याला थेट जाऊ की प्रॉक्सीमार्फत. पुण्यातल्या मुख्य कार्यालयातून ही फाइल सगळ्या शाखांच्या संगणकांवर लागलेली होती. मी ती ब्राउझरमध्ये उघडली आणि शेवटची ओळ वाचली:

```
return "PROXY 10.20.0.5:8080";
```

बाहेरचं सगळं या दारातून. ब्राउझर ही फाइल वाचतो, पायथॉनची `requests` लायब्ररी वाचत नाही. ती आधी `HTTPS_PROXY` वगैरे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बघते. ती नसली तर विंडोजच्या रजिस्ट्रीत प्रॉक्सीचा पत्ता थेट लिहिलेला आहे का ते बघते. दोन्हीकडे काही नसलं की सरळ बाहेर पळते. नांदेडला आणि हॉटस्पॉटवर सरळ पळणं हाच बरोबर रस्ता होता, म्हणून तिथे कुणाला काही कळलं नाही. ब्राउझर चालतो म्हणजे नेट चालतं, ही समजूत अशा ऑफिसात कामाची नाही. दोघांचे रस्ते वेगळे असतात.

खात्री करायला `curl` पुरतं. विंडोज १०च्या नंतरच्या आवृत्त्यांपासून ते आधीच बसवलेलं असतं, आणि पॅक फाइल तेही वाचत नाही, त्यामुळे आपल्या प्रोग्रॅमचा साक्षीदार म्हणून चांगलं. एकदा साधं आणि एकदा प्रॉक्सी सांगून चालवायचं:

```
curl -v https://api.example.com/
curl -v -x http://10.20.0.5:8080 https://api.example.com/
```

पहिलं लटकलं. दुसऱ्याला लगेच उत्तर आलं, `407 Proxy Authentication Required`. मला आनंदच झाला, कारण आता निदान कुणीतरी बोलत होतं. प्रॉक्सीला ओळख हवी होती. ब्राउझर ती विंडोजच्या लॉगिनमधून गुपचूप देतो, म्हणून काट्यावरच्या पोराला कधी पासवर्ड विचारला गेला नव्हता. सर्व्हिस मात्र त्याच्या लॉगिनखाली चालत नाही. पुण्याच्या आयटीवाल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “पासवर्ड तुमच्या फाइलमध्ये लिहू नका. या एका संगणकाला या एका पत्त्यापुरती विनाओळख परवानगी देतो.” शहाणा माणूस. दहा मिनिटांत `200 Connection established` दिसलं.

मग प्रॉक्सीचा पत्ता प्रोग्रॅमला सांगितला. इथे `setx` वापरताना `/M` लावावं लागतं, नाहीतर व्हेरिएबल फक्त लॉगिन केलेल्या माणसाच्या खात्यात जातं. हातानं चालवलेला प्रोग्रॅम चालतो आणि सर्व्हिस पडते. संगणक रिस्टार्टही करावा लागतो. आणखी एक गंमत: `HTTPS_PROXY`ची किंमत `http://`नेच सुरू होते. नावातलं एचटीटीपीएस सांगतं की कोणत्या पत्त्यांसाठी ही प्रॉक्सी. किंमत सांगते की प्रॉक्सीशी कोणत्या भाषेत बोलायचं. पुष्कळ जण ‘दुरुस्ती’ म्हणून तिथे एक एस वाढवतात आणि जमलेलं बिघडवतात.

रिस्टार्टनंतर नवी चूक आली: `CERTIFICATE_VERIFY_FAILED`. `curl` चालतंय, ब्राउझर चालतोय, आपला प्रोग्रॅम नाही.

ब्राउझरमध्ये त्या पत्त्याचं प्रमाणपत्र उघडून ते कुणी दिलंय ते पाहिलं. नांदेडच्या सहकाऱ्यालाही फोनवर तेच बघायला लावलं. त्याच्याकडे एका जगमान्य प्रमाणपत्र संस्थेचं नाव होतं. लातुरात त्या जागी गिरणीच्या स्वतःच्या फायरवॉलचं नाव. पत्ता एकच, प्रमाणपत्रं दोन. टपाल खात्यात पाकीट फोडून, आतलं वाचून, पुन्हा आपल्याच लाखेचा शिक्का मारून पुढे द्यावं तसं ही फायरवॉल करते. व्हायरस शोधायला आणि माहिती बाहेर जाऊ नये म्हणून मोठ्या कंपन्या हे राजरोस करतात. शिक्का खरा मानायचा, हे कंपनीच्या प्रत्येक संगणकाच्या विंडोजला आयटी विभागानं सांगून ठेवलेलं असतं. ब्राउझर आणि विंडोजसोबत येणारं `curl` विंडोजची यादी मानतात. `requests` आपली वेगळी यादी सोबत आणते, `certifi` नावाची, आणि तिला गिरणीचा शिक्का माहीत नाही. ती तक्रार करते ते तिच्या जागी बरोबरच आहे.

शोधायला गेलं की यावर सर्रास एक उपाय सापडतो: `verify=False`. ती ओळ लिहिली की सगळं चालतं आणि ती कधीच काढली जात नाही. आमच्या प्रोग्रॅममधून जीएसटीचा युजरनेम, पासवर्ड आणि टोकन जातं. समोर कोण आहे हे न तपासता ते देणं मला मान्य नाही. पायथॉन ३.१० किंवा पुढचं असेल तर सरळ उपाय आहे. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला दोन ओळी, की पायथॉन विंडोजचीच यादी वापरतो:

```
import truststore
truststore.inject_into_ssl()
```

दुसरा मार्ग `REQUESTS_CA_BUNDLE`चा. त्यात दिलेली फाइल जुन्या यादीत भर घालत नाही, तिची जागा घेते. म्हणून कंपनीचं प्रमाणपत्र आणि नेहमीची यादी दोन्ही एकाच फाइलमध्ये हवं. प्रमाणपत्र विंडोजमध्ये पूर्ण संगणकासाठी बसवलंय की एका माणसाच्या खात्यात, हेही बघायचं. सर्व्हिसला दुसरं दिसत नाही.

आयआरएन आला. आणि वजन यायचं बंद झालं.

आता चूक होती `Expecting value: line 1 column 1 (char 0)`, म्हणजे जेसनच्या जागी भलतंच काहीतरी आलंय. उत्तर फाइलमध्ये उतरवून पाहिलं तर ते एचटीएमएलचं पान होतं, प्रॉक्सीनं पाठवलेलं. कारण सरळ होतं. `HTTPS_PROXY`सोबत `HTTP_PROXY`ही लावलेलं होतं, आणि भुईकाट्याचा इंडिकेटर त्याच खोलीतल्या `192.168.1.50` या पत्त्यावर साध्या एचटीटीपीनं बोलतो. हाताच्या अंतरावरचा काटा विचारायला प्रोग्रॅम प्रॉक्सीकडे निघाला होता, आणि प्रॉक्सीला तो काटा कुठून माहीत असणार? त्यावर उपाय एका ओळीचा:

```
NO_PROXY=localhost,127.0.0.1,192.168.1.50
```

इथे `192.168.*` असं लिहून चालत नाही. `requests` तारा ओळखत नाही. पूर्ण पत्ता लिहावा, किंवा `192.168.1.0/24` असा पट्टा.

मध्ये काकांनी सुचवलं होतं की एवढा खटाटोप कशाला, एक मोबाइल काट्याच्या खोलीतच ठेवू. गाड्या खोळंबल्या असताना ते पटतंही. पण एकाच संगणकाला एका बाजूनं कंपनीचं जाळं आणि दुसऱ्या बाजूनं उघडा हॉटस्पॉट जोडला की फायरवॉलला बगल देणारी वाट तयार होते, आणि ती उघडल्याचा जाब मुख्य कार्यालय आम्हालाच विचारणार. शिवाय हॉटस्पॉट प्रत्येक वेळी तारतोच असं नाही. काही एपीआय ठरलेल्या आयपी पत्त्यांवरून येणाऱ्यांशीच बोलतात. तिथे उलटं होतं: ऑफिसच्या जाळ्यावर चालतं आणि मोबाइलवर नाकारलं जातं, कारण मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तेव्हा मात्र नकार लगेच येतो, बहुतेकदा `403`.

ज्यांचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या ऑफिसात चालणार आहे, त्यांनी प्रॉक्सीचा पत्ता, प्रॉक्सी नको असलेले पत्ते आणि प्रमाणपत्राची फाइल हे तीन रकाने सेटिंगच्या पानावर ठेवावेत, कोडमध्ये पुरू नयेत. आणि नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठण्याआधी गिऱ्हाइकाच्या आयटीवाल्याला फोन करून विचारावं: पॅक फाइल आहे का, प्रॉक्सी ओळख मागते का, आणि एचटीटीपीएस उघडून तपासता का. त्यांना ही उत्तरं तोंडपाठ असतात. त्यांना कुणी विचारत नाही.