लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबली?

इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे लिहायचा C मला बारावी कॉमर्सपासून माहीत होता. उत्तर संपलं की पुढे अधिकचं चिन्ह आणि C. तो किती आहे असं कुणी कधी विचारलं नाही आणि मलाही प्रश्न पडला नाही. यंदा मुलगी सायन्सच्या बारावीत आहे. तिच्याबरोबर मीही संध्याकाळी फिजिक्सचं पुस्तक उघडून बसू लागले आणि तिथे हाच C एकदम एकक लावून समोर आला. एकदा नव्हे, दोनदा. त्वरणापासून वेग काढताना एक आणि वेगापासून स्थान काढताना दुसरा. हे आकडे येतात कुठून, तेच मला कळेना.

आमच्याच इमारतीत फिजिक्सचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पुस्तक राहू द्या. आपल्या लिफ्टचंच गणित करू." त्यांनी मांडलेलं उदाहरण असं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी आहे. मजला ३ मीटरचा धरला तर ती जमिनीपासून ६ मीटरवर आहे. ती १२ सेकंदांत वर जाऊन थांबते. वरची दिशा धन. तिचं त्वरण प्रत्येक क्षणाला असं दिलेलं आहे:

a = (π/6) sin(πt/6)

पहिले ६ सेकंद हे त्वरण धन असतं, म्हणजे वेग वाढत जातो. पुढचे ६ सेकंद ते ऋण असतं, म्हणजे वेग कमी होतो. जास्तीत जास्त त्वरण साधारण ०.५२ मीटर प्रति सेकंद वर्ग. खरी लिफ्ट अधेमधे एकसारख्या वेगानेही जाते, पण सुरुवात आणि थांबणं हळुवार असावं म्हणून हा गुळगुळीत नमुना घेतला. प्रश्न एकच: लिफ्ट कुठे थांबेल?

पहिलं इंटिग्रेशन मला जमलं. साइनचं ऋण कोसाइन होतं आणि बाहेरचा π/6 कटतो.

v = −cos(πt/6) + C1

सुरुवातीला लिफ्ट उभी होती, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. मग C1 शून्यच ना? पुस्तकातल्या आधीच्या सगळ्या उदाहरणांत तसंच तर होतं. तिथे त्वरण स्थिर असायचं, वेगाचं सूत्र at + C यायचं आणि t शून्य केला की C म्हणजे थेट सुरुवातीचा वेग. सर म्हणाले, "शून्य घालून बघू या काय होतं." t = 0 घातलं. शून्याचा कोसाइन १ असतो. वेग आला उणे १ मीटर प्रति सेकंद. उभ्या असलेल्या लिफ्टचा वेग खाली जाणारा!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की C1 आणि सुरुवातीचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीचा वेग ही बाहेरून मिळालेली माहिती. C1 हा असा आकडा, जो घातल्यावर सूत्र त्या माहितीशी जुळतं. इथे −1 + C1 = 0, म्हणून C1 = 1. वेग झाला:

v = 1 − cos(πt/6)

सुरुवातीला शून्य, सहाव्या सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद, बाराव्याला पुन्हा शून्य. लिफ्टने असंच वागायला हवं. पुन्हा इंटिग्रेशन केलं:

x = t − (6/π) sin(πt/6) + C2

t = 0 असताना लिफ्ट ६ मीटरवर. शून्याचा साइन शून्य असतो, म्हणून या खेपेला C2 थेट ६ आला. सहाव्या सेकंदाला लिफ्ट १२ मीटरवर, म्हणजे चौथ्या मजल्यावर. बाराव्या सेकंदाला साइन पुन्हा शून्य होतो आणि x येतो १८. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली.

इथे गणित संपलं, पण माझा गोंधळ खरा इथूनच वाढला. C1 शून्य ठेवून पाहिलेलं ते सूत्र चुकीचं होतं, की तीही एखादी खरी हालचाल होती? सरांनी त्याचंही स्थान काढायला लावलं. C2 सहाच ठेवला. ती वस्तू दुसऱ्या मजल्यापासून खाली निघते, तिसऱ्या सेकंदाला साधारण १.९ मीटर खाली असते, सहाव्या सेकंदाला परत मूळ जागी येते, मग तितकीच वर जाते आणि बाराव्या सेकंदाला पुन्हा दुसऱ्या मजल्यावर. स्प्रिंगला टांगलेलं वजन वरखाली होतं, नेमकी तशी हालचाल. पूर्णपणे शक्य, पूर्णपणे खरी. आणि प्रत्येक क्षणाचं त्वरण अगदी तेच.

हे मला पटायला वेळ लागला. सर म्हणाले, "दोन बंद पेट्या समजा, वहिनी. दोन्हींत एकेक माणूस वजनकाट्यावर उभा आहे. एक पेटी सहाव्या मजल्याला चालली आहे, दुसरी जागच्या जागी वरखाली होते आहे. काटा दोघांना क्षणोक्षणी सारखंच वजन दाखवणार." काट्याला फक्त त्वरण कळतं. सुरुवातीच्या एक मीटर प्रति सेकंद वेगाच्या फरकामुळे एक पेटी चार मजले वर गेली आणि दुसरी तिथेच राहिली, ही गोष्ट त्याला आतून कधीच कळणार नाही.

मी हिशेब लिहिणारी बाई. मला तो मुद्दा खातेवहीतून समजला. वर्षभराची जमा आणि खर्च पैशापैशापर्यंत माहीत असला तरी ओपनिंग बॅलन्स माहीत नसेल तर आज खात्यात किती आहे ते सांगता येत नाही. इथे दोन खाती आहेत, वेगाचं आणि स्थानाचं, आणि एकाची शिल्लक दुसऱ्यात रोज जमा होते. म्हणून सुरुवातीचे आकडे दोन लागतात, आणि ते कोणतेही दोन चालत नाहीत.

हे शेवटचं मी आपणहून तपासलं. सुरुवातीला लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आणि बाराव्या सेकंदाला सहाव्यावर, एवढंच माहीत असेल, वेगाबद्दल काहीच नाही, तर? पहिल्या अटीतून C2 = 6. दुसरीतून 12·C1 + 6 = 18, म्हणजे C1 = 1. उत्तर तेच आलं. पण सुरुवातीचा वेग शून्य आणि शेवटचाही शून्य, अशा दोन अटी दिल्या तर दोन्हींतून C1 = 1 हेच पुन्हा मिळतं आणि C2 तसाच लोंबकळत राहतो. लिफ्ट चार मजले वर गेली हे कळतं, पण कुठून कुठे गेली ते नाही. स्थानाची निदान एक अट हवीच.

मग मुलीने फोन काढला. phyphox नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं. फोनमधल्या सेन्सरचं त्वरण ते आलेखात दाखवतं. फोन लिफ्टच्या फरशीवर ठेवला, आकडे संगणकात घेतले आणि तुकड्यातुकड्याने बेरीज करून दोनदा इंटिग्रेशन केलं. वेगाचा आलेख छान आला, पण लिफ्ट थांबून दार उघडल्यावरही आलेखातला वेग शून्यावर येईना. लिफ्ट अजून वर चालली आहे असंच तो सांगत होता.

कारण सरांनी कागदावर दाखवलं. गुरुत्वाकर्षण वगळलं तरी सेन्सर स्थिर असतानाही अगदी थोडं त्वरण दाखवत असतो. समजा ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे आपल्या लिफ्टच्या सर्वाधिक त्वरणाच्या दहाव्या भागाएवढंच आहे. पण १२ सेकंदांत त्यातून ०.६ मीटर प्रति सेकंद खोटा वेग साठतो आणि स्थानात अर्धा गुणिले ०.०५ गुणिले १४४, म्हणजे ३.६ मीटरची चूक होते. एका मजल्याहून जास्त. स्थिरांकांतल्या चुकांचं वागणंही यावरून उमगलं. C2 मध्ये अर्ध्या मीटरची चूक झाली तर ती शेवटपर्यंत अर्धा मीटरच राहते. C1 मधली चूक मात्र वेळेबरोबर वाढत जाते, कारण स्थानाच्या सूत्रात तो t ला गुणलेला असतो. आणि त्वरणातली चूक वेळेच्या वर्गाने वाढते.

उपाय साधा निघाला. लिफ्टचं बटण दाबण्याआधी काही सेकंद फोन तसाच चालू ठेवायचा. त्या वेळात येणाऱ्या आकड्यांची सरासरी ही सेन्सरची चूक. ती सगळ्या आकड्यांमधून वजा करायची. शिवाय त्याच सेकंदांमुळे सुरुवातीचा वेग शून्य होता याची खात्री मिळते. लिफ्ट चालू झाल्यावर नोंद सुरू केली तर ती खात्री हातातून जाते. आणि शेवटी लिफ्ट थांबल्यावर मोजलेला वेग शून्यावर येतो का ते पाहायचं. तो शून्य नसेल तर स्थानाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

सरांकडे असतानाच अपोलो ११ चा विषय निघाला. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा संगणकही त्वरण मोजून, बेरजा करून आपलं स्थान ठरवत होता. यान ठरलेल्या जागेपासून सुमारे ६ किलोमीटर पुढे उतरलं. मुख्य यानापासून सुटताना दोन यानांमधल्या बोगद्यात उरलेल्या हवेने दिलेला छोटासा धक्का हे त्याचं एक कारण मानलं जातं. यान उतरायला लागलं तेव्हा संगणकाच्या सुरुवातीच्या आकड्यांत तो धक्का धरलेला नव्हता. म्हणजे ही C1 मधलीच चूक. आणि ती तासाहून जास्त वेळ वाढत राहिली होती.

हे शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्याबरोबर बसणाऱ्या आयाबापांना एक सांगते. उत्तर तपासायला म्हणून स्थानाच्या सूत्राचा दोनदा डेरिव्हेटिव्ह काढला जातो आणि मूळ त्वरण परत आलं की उत्तर बरोबर धरलं जातं. त्या तपासणीत C1 आणि C2 दोन्ही गळून जातात, म्हणून ते काहीही असले तरी त्वरण बरोबरच येतं. स्थिरांक तपासायचे असतील तर वेगाच्या आणि स्थानाच्या दोन्ही सूत्रांत सुरुवातीची वेळ घाला, आणि दिलेले आकडे जसेच्या तसे परत येतात का ते पाहा.